वर्ग करू की केसेस पाडू?

गोष्ट मागच्या वर्षीची. कॅम्पसच्या अ‍ॅप्टिट्यूडची तयारी म्हणून आमच्या विंगमध्ये आम्ही सहा जण रोज रात्री जेवणानंतर एक सराव पेपर घड्याळ लावून सोडवायचो. ज्याचे मार्क सगळ्यात कमी, त्याने कटिंगचे पैसे द्यायचे, असा नियम होता. एका पेपरात हे गणित होतं:

|x - 1| < |x + 1| - 4

पर्याय चार. पहिलाच होता -2 < x < 2, आणि शेवटचा 'यापैकी नाही'. मी दोन्ही बाजूंचा वर्ग केला, दोन मिनिटांत उत्तर काढलं, ते बरोब्बर पहिल्या पर्यायाशी जुळलं आणि मी खुशीत पुढे गेलो. उत्तर चुकीचं निघालं. चहाचे पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून जास्त लागलं ते हे की माझ्या आकडेमोडीत एकही चूक नव्हती. मग चुकलं कुठे? ते शोधायला मला दोन दिवस लागले, त्यातून हा लेख.

आधी साधं उदाहरण घेऊ. दोन्ही बाजूंना नुसता एकेक मॉड, बाकी काही नाही:

|2x - 1| < |x + 4|

बारावीत शिकवलेली पद्धत म्हणजे केसेस पाडणं. मॉडच्या आतली पदं x = 1/2 आणि x = -4 ला शून्य होतात, म्हणजे तिथे त्यांचं चिन्ह बदलतं. या दोन बिंदूंनी संख्यारेषेचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात मॉड काढून टाकता येतो.

पहिला तुकडा x < -4. इथे आतली दोन्ही पदं ऋण, म्हणून -2x + 1 < -x - 4, म्हणजे x > 5. आता इथे थांबा. आपण x < -4 धरूनच हे गणित मांडलं होतं. -4 पेक्षा लहान आणि 5 पेक्षा मोठी अशी संख्या नसते, म्हणून या तुकड्यातून काहीच मिळत नाही. आमच्या शेजारच्या रूममधला ज्युनियर इथेच दरवेळी घसरतो. तो 'x > 5' हे उत्तर म्हणून वहीत उतरवतो आणि शेवटी बाकीच्या उत्तरांना जोडून टाकतो. त्याला म्हटलं, "अरे, x = 6 टाकून बघ की." डावीकडे 11, उजवीकडे 10. तो म्हणाला, "दादा, मग हे 5 आलं कुठून?" आलं ते गृहीतकाच्या बाहेरून. ज्या तुकड्यात गणित केलं त्या तुकड्याशी उत्तराचा छेद घेतल्याशिवाय केस पूर्ण होत नाही.

दुसरा तुकडा -4 ≤ x < 1/2. इथे 1 - 2x < x + 4, म्हणजे x > -1. छेद घेतला की -1 < x < 1/2. तिसरा तुकडा x ≥ 1/2. इथे 2x - 1 < x + 4, म्हणजे x < 5, छेद घेतल्यावर 1/2 ≤ x < 5. दोन्ही जोडले की उत्तर -1 < x < 5.

आता हेच वर्ग करून बघा:

(2x - 1)² - (x + 4)² < 0

इथे कंस उलगडत बसू नका. a² - b² चे अवयव आठवीपासून पाठ आहेत, तेच वापरा:

(2x - 1 - x - 4)(2x - 1 + x + 4) < 0
(x - 5)(3x + 3) < 0

गुणाकार ऋण हवा, म्हणजे x हा -1 आणि 5 च्या मधे. झालं! ना तुकडे, ना छेद. पेपरात वेळ कमी असेल तर ही पद्धत सोन्यासारखी आहे.

पण वर्ग करायची परवानगी आपल्याला कुणी दिली? -5 < 2 हे खरं आहे आणि वर्ग केल्यावर 25 < 4 हे खोटं. म्हणजे असमानतेत वर्ग नेहमी चालत नाही. p आणि q दोन्ही शून्य किंवा धन असतील तरच चालतो, कारण q² - p² = (q - p)(q + p) आणि इथे q + p कधी ऋण होत नाही. त्यामुळे q² - p² चं चिन्ह q - p च्या चिन्हावरच ठरतं. |A| < |B| मध्ये दोन्ही बाजू मॉड असल्याने ही अट आपोआप पाळली जाते. आपण ती तपासत नाही, आणि न तपासताही उत्तर बरोबर येतं. मग ती अट होती हेच विसरायला होतं. माझं नेमकं तेच झालं.

आता परत माझ्या गणिताकडे. उजवी बाजू |x + 1| - 4. तिच्यात मॉड आहे खरा, पण ती बाजू स्वतः मॉड नाही. x = 0 ला तिची किंमत -3. मी डोळे झाकून वर्ग केला:

x² - 2x + 1 < x² + 2x + 1 - 8|x + 1| + 16
2|x + 1| < x + 4

यातून x ≥ -1 साठी x < 2, आणि x < -1 साठी x > -2 येतं, म्हणजे -2 < x < 2. आता त्यातली कोणतीही संख्या मूळ गणितात टाका. x = 0 टाकला की 1 < -3. x = 1 टाकला की 0 < -2. उत्तरातली एक-दोन टोकं नाही, अख्खंच्या अख्खं उत्तर खोटं! मी प्रत्यक्षात जे सोडवलं ते हे होतं: उजवी बाजू चिन्ह सोडून किती मोठी आहे. -3 चा वर्ग 9, तो 1 पेक्षा मोठा, म्हणून x = 0 आत शिरला.

वर्गच करायचा असेल तर आधी अट लिहायला हवी. डावी बाजू कधी ऋण नाही, म्हणून उजवी बाजू धन असणं भाग आहे, म्हणजे |x + 1| > 4, म्हणजे x > 3 किंवा x < -5. याचा -2 < x < 2 शी छेद रिकामा. उत्तर: एकही x नाही. पर्याय चौथा.

हे कागद-पेन न घेताही दिसतं. |x - 1| म्हणजे संख्यारेषेवर x चं १ पासूनचं अंतर, आणि |x + 1| म्हणजे -१ पासूनचं. समजा मेस आणि लायब्ररी एकमेकांपासून २ फर्लांगावर आहेत. तुम्ही कुठेही उभे राहा, एक ठिकाण दुसऱ्यापेक्षा ४ फर्लांगांहून जास्त जवळ असूच शकत नाही, कारण लांबच्या ठिकाणी जाताना जवळच्यावरून गेलात तरी वाढीव चाल २ च फर्लांग. गणित मात्र ४ हून जास्त फरक मागत होतं.

खरी गंमत पुढे आहे. 4 च्या जागी 1 घाला:

|x - 1| < |x + 1| - 1

अट न लिहिता वर्ग केला तर x > 1/2 येतं. केसेस पाडल्या तरी x > 1/2 च. चूक तीच, पण उत्तर बरोबर! कारण खोट्या किमती आत शिरायला x ची १ आणि -१ पासूनची अंतरं मिळून 1 पेक्षा कमी हवीत, आणि ती बेरीज कधी 2 च्या खाली येतच नाही. आकडा 2 च्या वर गेला की खोट्या किमती येऊ लागतात. माझी सवय इतकी वर्षं खपून गेली ती अशाच गणितांमुळे. म्हणून माझं आताचं धोरण साधं आहे. दोन्ही बाजूंना फक्त मॉड असेल तर बिनधास्त वर्ग. बाहेर काही जोडलेलं किंवा वजा केलेलं दिसलं की सरळ केसेस. अट लिहून वर्गही करता येतो, पण वर्गानंतर मॉड तसाच उरतो आणि केसेस पाडाव्या लागतातच. मग वर्ग करून मिळवलं काय?

वर्गाच्या बाजूनेही एक सांगायला हवं. हे बघा:

|x² - 3x| ≤ |x - 3|

इथे बरेच जण |x - 3| दोन्हीकडून कॅन्सल करून |x| ≤ 1 लिहितात आणि -1 ≤ x ≤ 1 वर थांबतात. वर्ग करून अवयव पाडले तर

(x - 1)(x - 3)(x + 1)(x - 3) ≤ 0
(x - 3)²(x² - 1) ≤ 0

असं मिळतं, आणि x = 3 हा एकटा बिंदूही उत्तरात आहे हे समोर दिसतं. तिथे दोन्ही बाजू शून्य. शून्याने भागल्यामुळे तो हरवला होता. '≤' ऐवजी '<' असतं तर काही बिघडलं नसतं, म्हणून प्रश्नातलं चिन्ह दोनदा वाचा.

आता शेवटचा मुद्दा, ईएनटीसीवाल्यांसाठी खास. डीएसपीमध्ये बायलिनियर ट्रान्सफॉर्म येतो: z = (a + s)/(a - s), जिथे a = 2/T. स्थिर अ‍ॅनालॉग फिल्टर डिजिटल झाल्यावरही स्थिर राहतो, म्हणजे s डाव्या अर्ध्या प्रतलात असेल तर |z| < 1, हे तिथे सिद्ध करायचं असतं. म्हणजेच

|s + a| < |s - a|

दोन्ही बाजूंना मॉड, बाहेर काही नाही. पण s संमिश्र आहे. त्याला धन-ऋण असं काही नसतं, त्यामुळे केसेस पाडणार कशाच्या? इथे वर्गच हवा. s = σ + jω ठेवा:

(σ + a)² + ω² < (σ - a)² + ω²
4aσ < 0

a धन आहे, म्हणून σ < 0. आमच्या सरांनी हे फळ्यावर दोन ओळींत करून पुसून टाकलं होतं. तेव्हा वर्गात मला ते काही कळलं नव्हतं. आता पाहिलं तर तीच मेस आणि लायब्ररी आहे, एक -a ला, दुसरी a ला. s जोवर मधल्या उभ्या रेषेच्या डावीकडे, तोवर तो -a ला जवळ.