गवताचं छप्पर चित्रात खोटं का दिसतं?

प्रश्न : तोरणमाळला गवती छपराची दोन-तीन पर्यावरणपूरक कॉटेज बांधायचा विचार आहे. बांधकामाआधी मुलाने संगणकावर थ्रीडी रेंडर करून दाखवलं. गवताचं टेक्स्चर चांगलं भारी घेतलंय, तरी कॉटेज खेळण्यातल्यासारखं वाटतं. चुकतं कुठे?
– एक वाचक, शहादा

उत्तर : चित्र पाहिलं. तुम्हाला वाटतं दोष गवतात आहे, पण तो आधी छपराच्या उतारात आहे. आपल्याकडच्या कौलारू घराचा बेताचा उतार तसाच ठेवून चिरंजीवांनी त्यावर गवत अंथरलंय. कौलावरून पाणी सरळ ओघळून जातं. गवतावर ते काडीवरून काडीवर टिपकत खाली येतं, आणि उतार कमी असेल तर वाटेतच आत मुरतं. मग गवत कुजतं. म्हणून गवती छपराला साधारण ४५ अंशांचा उतार आणि निदान सहा इंच जाडी लागते. बघणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, पण नजरेला ते खटकतं. तुमच्या वळचणीला तर गवत सतरंजीइतकंच जाड दिसतंय.

उतार वाढवला की दुसरी अडचण उभी राहते. तुम्हाला वळचण तीन फूट पुढे हवी आहे, ते योग्यच. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि माती-शेणाचं लिंपण वाचतं. पण ४५ अंशांत छप्पर जेवढं पुढे येतं, तेवढंच खाली उतरतं. भिंत आठ फुटांची असेल तर वळचणीची कड जमिनीपासून पाच फुटांवर येणार! पाहुण्याचं स्वागत कपाळमोक्षाने. तेव्हा भिंत दहा फूट करा, म्हणजे कड सात फुटांवर राहील. खोली बारा फूट रुंद असेल तर आढं भिंतीच्या माथ्यापासून सहा फूट वर, म्हणजे जमिनीपासून सोळा फुटांवर जाईल. वासा जवळजवळ तेरा फूट लांब लागेल. असा वासा चित्रात आढ्यापासून वळचणीपर्यंत सलग दिसला पाहिजे. तुमच्या चित्रात छपराखाली वासेच नाहीत, छप्पर भिंतीवर टोपीसारखं ठेवलंय.

बांबूचंही तेच. सातपुड्यात मिळणारा बांबू म्हणजे मुख्यतः मानवेल. तो बारीक, जाड सालीचा, बराचसा भरीव असतो आणि शेंड्याकडे निमुळता होत जातो. चित्रातली मांडीएवढी, पिवळीधमक, एकसारखी नळकांडी बालीच्या रिसॉर्टच्या फोटोंतून आलेली दिसतात. शिवाय एकच बांबू चिकटवत गेल्यामुळे सगळ्यांची पेरं एका ओळीत आली आहेत. प्रत्येक वासा थोडा फिरवा, थोडा सरकवा, एकाआड एक बुंधा-शेंडा उलटा करा. सांध्यावर खिळा दाखवू नका, खिळ्याने बांबू चिरतो. दोरीची बांधणी दाखवा.

आता गवताकडे येऊ. काडी तीन-चार मिलिमीटर जाड धरली, तर एका फुटात ऐंशी-शंभर काड्या बसतात. तुमच्या चित्रात दहा-बाराच आहेत, म्हणजे एकेक काडी चांगली इंचभर जाड. खेळण्याचा भास होतो तो यामुळे. टेक्स्चर महाग असून उपयोग नाही, त्याचं माप खऱ्याशी जुळायला हवं. काड्यांची दिशाही आढ्याकडून वळचणीकडे हवी. तुमच्या छपराच्या एका बाजूला त्या आडव्या पडल्या आहेत. तसं छप्पर पहिल्याच पावसात गळेल. वळचणीच्या कडेला गवताची कापलेली टोकं दाखवा, कारण जाडी तिथेच कळते.

शेवटी ऊन. तोरणमाळ सुमारे २२ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य तिथे दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर असतो. आढं पूर्व-पश्चिम असेल, तर दक्षिणेच्या उतारावर ऊन सरळ आदळतं, काड्यांच्या सावल्या पडत नाहीत आणि उत्तम टेक्स्चरही सपाट दिसतं. उत्तरेच्या उतारावर तेच ऊन घासून जातं आणि काडी न् काडी उठून दिसते. त्याच वेळी दक्षिणेच्या भिंतीवर वळचणीची सावली कडेखाली तीन फूट उतरते, म्हणजे भिंतीचा खालचा चार फूट भाग उन्हात राहतो. मेच्या अखेरीस दुपारी सूर्य डोक्यावर आला की पूर्ण भिंत सावलीत जाते. तुमच्या चित्रात सावली फूटभरच आहे. कॉटेज तोरणमाळचं आणि ऊन भलत्याच गावचं, असा प्रकार झालाय.

रंग अगदी ताज्या सोन्यासारखा ठेवू नका, एका पावसाळ्यात गवत करडं पडतं. आणि चिरंजीवांना सांगा, आधी वासे-आढं उभं करून फक्त सांगाड्याचं चित्र काढ. ते पटलं तरच गवत चढव.