जमा रक्कम कोणत्या बिलापोटी?

प्रश्न : पट्टीश्वरम् येथे आमचे पितळी समयांचे दुकान आहे. पुण्याच्या दोन गिऱ्हाइकांनी एकाच दिवशी प्रत्येकी ४,७२० रुपये क्यूआर कोडवर पाठविले. त्यांपैकी कोणती रक्कम कोणाची?

उत्तर : आपल्या फलकावरील स्थिर कोडात आपला यूपीआय पत्ता असतो, रक्कम वा बिलाचा क्रमांक नसतो; म्हणून समान रकमांचा उलगडा रकमेवरून होणे अशक्य. दोन्ही गिऱ्हाइकांकडून व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक मागवून तो बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहावा. पडद्याचे छायाचित्र मात्र पुरावा मानू नये, कारण ते बनावट असू शकते.

यापुढे व्यापारी खाते घेऊन प्रत्येक बिलासाठी स्वतंत्र कोड किंवा दुवा काढावा, ज्यात असा मजकूर गुंफलेला असतो :

```
am=4720.00&cu=INR&tr=INV118
```

`tr` मधील खूण व्यापाऱ्याच्या व्यवहार-तपशिलात परत येते. `tn` मधील टिपणावर, ते उताऱ्यात पुष्कळदा तुटक उमटत असल्याने, भिस्त ठेवू नये. देयकसेवा अनेक वसुल्यांची एकच बेरीज बँकेत भरीत असेल, तर ती बेरीज थेट विक्रीखाती न घालता प्रथम देयकसेवेच्या खात्यावर जमा धरावी आणि तिच्या तपशीलपत्रकावरून एकेका बिलापोटी खतवावी. कापलेले शुल्क खर्ची टाकावे, अन्यथा पूर्ण फिटलेले बिलही दफ्तरी थकीत दिसेल.