अर्धीच आवडली, तर अर्धीच लिही

मनू, वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी तू 'ययाति'वर लिहिलेलं टिपण काल रात्री दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझा वैताग दिसला. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, या मुलीला ही कादंबरी आवडायला हवी होती आणि ती पुरती आवडली नाही, याचंच तिला वाईट वाटतंय. कागदावर मात्र वैतागच तेवढा उतरला आहे. 'उपदेशाचे डोस', 'जुनाट', 'संपता संपेना'. तू फोनवर शर्मिष्ठेबद्दल अर्धा तास बोलली होतीस, आठवतं? टिपणात तिला एक ओळ आहे.

का झालं असेल असं, ते मला ठाऊक आहे, कारण माझंही झालंय. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ ची. दुसऱ्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं ते मराठीतलं पहिलं. आपल्या आईच्या पिढीने खांडेकरांची वाक्यं वहीत उतरवून ठेवली आहेत. अशा पुस्तकाबद्दल 'मला अर्धंच आवडलं' म्हणायचं, तर एक तर आपण दबकतो, नाही तर दबकलोय हे दिसू नये म्हणून आवाज चढवतो. तुझा चढलाय. तो खाली आण आणि आधी आवडलेला अर्धा भाग लिही. आवडलेलं नुसतं 'भाषा सुंदर आहे' असं म्हणून उरकू नकोस. नावडलेल्याची कारणं देतेस तितक्याच बारकाईने तेही लिही.

मी लिहिलं असतं तर ययातीच्या भीतीपासून सुरुवात केली असती. महाभारतातल्या आदिपर्वात ययाति भोगाच्या मागे लागतो, पण का लागतो हे तिथे फारसं सांगितलेलं नाही. खांडेकरांनी त्याला कारण दिलं आणि ते बालपणात नेऊन ठेवलं. नहुषासारखा पराक्रमी बाप अंथरुणाला खिळलाय, मरणाला घाबरलाय, आणि ते मुलगा पाहतो. नहुषाची मुलं कधी सुखी होणार नाहीत, हा शाप त्याच्या कानावर पडतो. थोरला भाऊ यति वैराग्यासाठी घर सोडून गेलाय. ज्या अलकेवर त्याचा जीव जडतो, ती दाईची मुलगी, राजवाड्याच्या रीतीत न बसणारी, आणि तिला विष दिलं जातं. आता बघ, हा मुलगा पुढे एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे धावत सुटला, तर तो नुसता लंपट वाटत नाही. मरण मागे लागलेला माणूस वाटतो. पहिल्या भागात खांडेकर हे जवळजवळ न बोलता करतात, एकेक प्रसंग पुढे ठेवत जातात. हे तू लिहिलंस की खांडेकरांवर जीव असणारा वाचकही तुझं पुढचं ऐकायला थांबेल, कारण त्याला आवडलेलं पुस्तक तूही पाहिलंस याची त्याला खात्री पटेल.

मग शर्मिष्ठा. कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितलेली आहे, हे तू लिहिलंस ते बरोबर. पण तिघांना आळीपाळीने बोलू दिल्याने झालं काय, ते लिही. राजा वृषपर्व्याची मुलगी गुरुकन्येची दासी होऊन येते, आणि ती कथा आपण तिच्याच तोंडून ऐकतो. ययातीशी आलेला संबंध, मग पोटच्या पुरूला घेऊन लपतछपत निघून जाणं, हे ती सांगते तेव्हा त्यात तक्रारीचा सूर नसतो. मूळ कथेत तिला तीन मुलं आहेत. इथे एकटा पुरू आहे, त्यामुळे आईचं सगळं लक्ष आणि सगळी धास्ती त्याच्यावर एकवटते. हा बदल खांडेकरांना कादंबरीकार म्हणून किती कळत होतं हे दाखवतो. फोनवर तू हेच म्हणत होतीस, फक्त इतक्या शांतपणे नाही.

आता तुझी मुख्य तक्रार, उपदेशाची. ती खरी आहे, पण अजून पुरी तपासलेली नाही. नावडलेल्या गोष्टीबद्दल मी एक करते. ते पुस्तक पुन्हा काढते आणि पेन्सिल घेऊन, जिथे जिथे मन उडतं तिथे समासात बारीक रेघ मारते. मग त्या रेघा कुठे दाट होतात ते बघते. सगळीकडे सारख्या पसरल्या असतील, तर बहुधा दोष माझ्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचा किंवा माझ्या आवडीचा असतो. एका जागी गर्दी झाली, तर तिथे पुस्तकातच काहीतरी आहे. 'ययाति'त माझ्या रेघा कचाभोवती दाटल्या.

कच मूळ कथेत कुठवर आहे ते आठव. तो बृहस्पतीचा मुलगा, शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला येतो, असुर त्याला मारतात, तो पुन्हा पुन्हा जिवंत होतो. देवयानीचं प्रेम तो नाकारतो, दोघं एकमेकांना शाप देतात, आणि कच आपल्या लोकी निघून जातो. ययातीच्या कहाणीत त्याचं पुढे काहीच काम नाही. खांडेकरांनी त्याला परत आणलं. भोगाच्या एका टोकाला ययाति, कोरड्या वैराग्याच्या दुसऱ्या टोकाला यति, आणि मधे संयमाचा कच, अशी ती मांडणी आहे. मांडणीला माझा विरोध नाही. अडचण पुढे येते. ययाति चुकतो, पस्तावतो, पुन्हा घसरतो, म्हणून तो हलता आहे. कच एकदा सावरला की कधी डगमगताना दिसतच नाही. तो बोलतो तेव्हा प्रश्न आधीच सुटलेला असतो. जो प्रश्न पहिल्या भागात अलकेच्या मरणाने आपल्या अंगावर आला होता, तोच इथे समजावून सांगितला जातो. आणि तो समजावून घेताना मी ययातीपासून दूर गेले.

हे लिहिताना 'डोस' हा शब्द येऊ देऊ नकोस. तो शब्द लेखकाच्या हेतूवर जातो, जणू त्यांनी आपल्याला लहान मूल समजून काहीतरी पाजलं. खांडेकर रूपककथा लिहिणारे होते. थोडक्या ओळींची कथा आणि तिच्यातून वर येणारा एक विचार, हे त्यांच्या हाताचं वळण होतं. शिरोड्यासारख्या गावी त्यांनी वर्षानुवर्षं शाळेत शिकवलं होतं. वाक्य असं घडवायचं की ते पुस्तकातून उचलून वहीत ठेवलं तरी एकटं उभं राहील, ही त्यांची ताकद होती, आणि आपल्या आईने नेमकी तीच वाक्यं उतरवली. रूपककथेत असं वाक्य शेवटी येतं आणि शोभतं. शेकडो पानांच्या कादंबरीत ते पात्राच्या तोंडी वारंवार आलं की पात्राचा आवाज लेखकाच्या आवाजात मिसळतो. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही तशाच घाटाच्या उपमा वापरू लागतात. तीन माणसं बोलतील हे पुस्तकाने स्वतःच कबूल केलं होतं. ते पुरतं पाळलं गेलं नाही, असं तू म्हणू शकतेस, आणि ते बोचणार नाही. कारण तू पुस्तकाला त्याच्याच शब्दाची आठवण करून देतेयस, आपल्या आवडीचं माप लावत नाहीयेस.

तुझं वाक्य होतं: 'कचाच्या उपदेशाचे डोस पिऊन वाचक थकून जातो.' ते मी असं लिहीन: 'कच परत आल्यावर ययातीला पडलेले प्रश्न मला पूर्वीसारखे छळेनासे झाले, कारण त्यांची उत्तरं आता माझ्याआधी कचाला ठाऊक होती.' यात 'वाचक' गेला आणि 'मी' आले, ते बघ. ज्याला कचाच्या बोलण्यातच आधार सापडला, असाही वाचक असतो. त्याच्या वतीने थकायचा हक्क आपल्याला नाही.

शेवटाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त बोलण्यासारखं तिथेच आहे. मूळ कथेत ययाति पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं उपभोगतो आणि मग त्याला कळतं की भोगून वासना शमत नाही. खांडेकरांना हे सोसवलं नसावं. त्यांच्या ययातीला पश्चात्ताप लवकर होतो, आणि पुरूला त्याचं तारुण्य कचाच्या तपोबळावर परत मिळतं. माणूस म्हणून मला हा शेवट हवासा वाटला. पुरू वाचला याचं बरं वाटलं. पण मुलाने बापासाठी म्हातारपण घेतलं, या भयंकर गोष्टीची किंमत कुणी मोजायच्या आतच ती मिटते. गिरीश कार्नाडांनी कन्नडमध्ये 'ययाति' हे नाटक लिहिलं, ते १९६१ साली प्रसिद्ध झालं. त्यात पुरूला नवी नवरी दिली, चित्रलेखा, आणि ती किंमत तिला मोजायला लावली. ते नाटक खांडेकरांच्या डोक्यात मारायला वापरू नकोस, त्यांचा रस्ता वेगळा होता. एवढंच म्हण की ही जागा तिथे आहे, दुसऱ्या एका लेखकाला ती दिसली, आणि मला ती 'ययाति' वाचताना रिकामी जाणवली.

देवयानीवरचा तुझा परिच्छेद तेवढा पुन्हा विचार करून लिही. तू तिला 'खलनायिका' म्हणतेस. आधी ठरव, ती तशी आहे की तिला तसं रंगवलंय. तिला बोलायला मिळतं हे खरं, पण तिच्या बोलण्यातून बहुतेक वेळा तिचा अहंकारच आपल्यापुढे येतो. शर्मिष्ठेचं बोलणं तिला आपल्या जवळ आणतं, देवयानीचं बोलणं तिलाच दोषी ठरवतं. कचाने नाकारलेली, दासीने नवरा नेलेली ही बाई, तिच्या दुखण्यापाशी खांडेकर थोडे जास्त थांबले असते तर, असं मला दर वाचनाला वाटतं. तुला वाटतं का? वाटत नसेल तर माझं म्हणून लिहू नकोस, तुझं काय ते लिही.

आईची प्रत मी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. तिच्या शाईच्या खुणा वेगळ्या आणि माझ्या पेन्सिलच्या वेगळ्या. कचाच्या पानांवर दोन्ही एकाच ओळींपाशी आहेत. त्या बघ, आणि मग देवयानीचा परिच्छेद पाठव.