‘च’ लावण्याआधी

पारोळा,
श्रावण

चि. बाळास,


परवा फोनवर तू तीनदा एकच विचारलंस, “आत्या, तू सांग, पप्पा बरोबर की काका?” मी तेव्हा गप्प बसले. फोनवर उत्तर दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते जळगावला तुझ्या पप्पांकडे आणि इथे काकाकडे पोचलं असतं, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पोचलं असतं. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

पर्युषण तोंडावर आलंय. स्थानकात अनेकान्तावर व्याख्यान होईल, आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट पुन्हा ऐकायला मिळेल. मला ती गोष्ट घरातल्या भांडणाला फारशी उपयोगाची वाटत नाही. तिच्यात एक डोळस माणूस बाजूला उभा असतो आणि त्याला अख्खा हत्ती दिसतो. आपल्या घरात तसा कोणी नाही. सगळेच हत्तीला चिकटलेले आहेत, त्यात मीही आले.

त्यापेक्षा समंतभद्राचार्यांनी ‘आप्तमीमांसे’त दिलेला सोन्याचा दाखला बघ. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो कष्टी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो हरखला, आणि ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला काहीच वाटलं नाही. घटना एकच, माणसं तीन, आणि तिघांपैकी कोणी खोटं वागत नाही. कारण वस्तूतच तीन गोष्टी एका वेळी घडल्या आहेत: काही नाहीसं झालं, काही नवं आलं, काही होतं तसं राहिलं. आपल्याकडे यालाच व्यय, उत्पाद आणि ध्रौव्य म्हणतात. अनेकान्त तो हाच. अनेक बाजू बघणाऱ्याच्या मनात नसतात, त्या वस्तूतच असतात.

आता आपलं घर घे. धाब्याचं घर, मधला खण दोन वर्षांपासून गळतोय. दरवर्षी मृगाच्या आधी काका स्वतः धाब्यावर चढतो, खारी माती पसरतो, पाणी मारून चोपतो. तरी यंदा पहिल्याच मोठ्या पावसात आजीच्या खाटेशेजारी पातेलं ठेवावं लागलं. तुझे पप्पा म्हणतात, पाडून स्लॅबचं बांधू. काका म्हणतो, बापाचं घर पाडायचं नाही. पप्पांना मुकुट दिसतोय, काकाला घट फुटताना दिसतोय. आणि तू म्हणालास, “जागा तर राहणारच आहे ना, मग एवढं काय?” म्हणजे तुला सोनं दिसतंय.

इथे थोडं थांब. तू स्वतःला त्या दोघांच्या वर उभा समजतोस. पण सोनं हवं असलेला माणूसही त्या दाखल्यातला तिसरा गरजू आहे, पंच नाही. तुझं बालपण जळगावच्या फ्लॅटमध्ये गेलं, या घरात तू सुट्टीपुरता आलास. म्हणून तुला काही वाटत नाही. काही न वाटणं ही निःपक्षपाती बुद्धी नव्हे, तीही एक अपेक्षाच आहे. ‘अपेक्षा’ म्हणजे आपण रोज वापरतो तो आशेचा अर्थ नाही. कोणत्या बाजूने बोलतोय, ते सांगणं म्हणजे अपेक्षा.

‘स्यात्’ हा शब्द इथेच लागतो. लोक त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा करतात आणि स्याद्वाद म्हणजे गुळमुळीत बोलणं असं समजतात. तसं नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’. आणि सप्तभंगीची वाक्यं नीट मांडताना आचार्य ‘स्यात्’च्या जोडीला ‘एव’ ठेवतात. ‘एव’ म्हणजे आपला मराठी ‘च’. एका विशिष्ट अपेक्षेने ही वस्तू आहेच, दुसऱ्या अपेक्षेने नाहीच. म्हणजे ठामपणा काढून घेतलेला नाही. ठाम बोलायचं असेल तर आधी अपेक्षा सांगा, एवढीच अट आहे. हेमचंद्राचार्यांनी तर बोलण्याच्या तीन पायऱ्याच लावल्या आहेत. ‘आहेच’ हा दुर्नय, ‘आहे’ हा नय, आणि ‘या अपेक्षेने आहे’ हे प्रमाण. नुसता ‘च’ बाकीच्यांची तोंडं बंद करतो, म्हणून तो दुर्नय.

गेल्या महिन्यात ओट्यावर बसून दोघं भाऊ बोलले तेव्हा मी तिथेच होते. पप्पा म्हणाले, “हे घर पाडायलाच पाहिजे.” काका म्हणाला, “पाडायचंच नाही.” दोन ‘च’ समोरासमोर आले आणि चहा तसाच निवला. नंतर मी दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं, कशाच्या दृष्टीने? पप्पा म्हणाले, “छताच्या दृष्टीने. तुळई किडलीय, आईच्या अंगावर धाबं येईल याची मला भीती वाटते.” काका बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पाडलं की वर्षभर आईला जळगावला न्यावं लागेल. ती परत येईल का?” बघ, दोघांची अपेक्षा सांगून झाली आणि दोन्ही वाक्यांतला ‘च’ जागच्या जागी राहिला. छताच्या दृष्टीने मधला खण उतरवायलाच हवा. आईच्या दृष्टीने तिला या गल्लीतून हलवायचंच नाही. या दोन वाक्यांत भांडण कुठे आहे? भांडण ‘घर’ या एका शब्दात होतं.

पण याचा अर्थ सगळेच बरोबर, असा घेऊ नकोस. अनेकान्ताचा सर्वांत मोठा गैरवापर तोच. एकाच वस्तूबद्दल, एकाच काळी, एकाच अपेक्षेने ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही खरं, असं कोणत्याही आचार्यांनी म्हटलेलं नाही. काका रागात म्हणाला होता, “दादाने या घराला कधी एक रुपया दिला नाही.” ही दृष्टी नव्हे, ही माहिती आहे, आणि माहिती तपासता येते. मी आजोबांची लाल कापडी वही काढली. 2009 च्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात तुळई बदलल्याचा खर्च 40,000 लिहिलाय आणि खाली, मोठ्याकडून जमा 25,000. म्हणजे ‘कधीच नाही’ हे खोटं. पण 2016 ला आजोबा गेल्यापासून त्या खात्यात मोठ्याच्या नावे एकही जमा नाही, हेही तितकंच खरं. काकाला काळाची अपेक्षा घालून बोलायला लावलं तेव्हा तो म्हणाला, “बाबा गेल्यापासून दिलं नाही.” हे वाक्य ऐकून पप्पांना राग आला नाही. त्यांनी मान खाली घातली. खोटा आरोप धुडकावता येतो, नेमका आरोप ऐकावा लागतो.

आणखी एक माहितीची गोष्ट. तुम्ही सगळे बोलताना ‘दोघा भावांचं घर’ म्हणता. हे घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलं आणि मृत्युपत्र न करता ते गेले. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि त्याप्रमाणे बायको, मुलगे आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे या घराचे चार वाटे आहेत. आजीचा एक, दोघा भावांचे दोन, आणि माझा एक. आजीला आणि मला कोणी विचारलंच नाही. मला खोली नको, पैसाही नको. पण अनेक बाजूंच्या गप्पा मारताना अर्धं घर मोजायचंच राहून गेलं, एवढं तुझ्या लक्षात आणून देते. बाजू मोजायला बसशील तेव्हा आधी जे बोलत नाहीत त्यांना मोज.

आता या सगळ्या बाजू एकत्र कशा आणायच्या, त्याचा एक दाखला जवळचाच आहे. इथून धुळं फार लांब नाही. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तू शाळेत वाचलंस. त्याच विनोबांनी पुढे जैनांच्या सगळ्या संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा म्हणून अनेक वर्षं पिच्छा पुरवला. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी आणि तेरापंथी एका मजकुरावर येतील असं कोणाला वाटत नव्हतं. जिनेंद्र वर्णींनी संकलन केलं, ते आधी मुनींकडे आणि विद्वानांकडे पाठवून सूचना मागवल्या, आणि मग 1974 च्या नोव्हेंबरात दिल्लीत सगळे एकत्र बसले. त्यातून 756 गाथांचं ‘समणसुत्तं’ झालं. त्याचा शेवटचा खंड स्याद्वादाचा आहे. मला त्यातली युक्ती आवडते. समोरासमोर बसण्याआधी कागद फिरला. तोंडावर बोलताना माणूस उत्तर देतो, कागद वाचताना विचार करतो.

तू तेच कर. एक वही घे. चौघांकडून वेगवेगळं लिहून घे: मला काय हवंय, कशाच्या दृष्टीने, आणि कुठल्या काळापुरतं. आजी लिहिणार नाही, तिच्याजवळ बसून तिचं ऐक आणि तिच्याच शब्दांत उतरव. जी वाक्यं तपासता येतील त्यांच्याखाली रेघ मार आणि ती तपास. तुळईसाठी गावातल्या सुताराला धाब्यावर चढव, पप्पांच्या भीतीवरही विसंबू नकोस आणि काकाच्या भरवशावरही नाही. मग तो कागद चौघांकडे फिरव. एकत्र बसणं त्यानंतर.

एवढं करूनही निर्णय आपोआप होणार नाही. अनेकान्त भांडण कशावर आहे ते दाखवतो, तोडगा माणसांनाच काढावा लागतो आणि कोणाला तरी काही सोडावं लागतं. माझं मत विचारशील तर, आजी आहे तोवर तिच्या हयातीच्या अपेक्षेने पुढचे दोन खण आणि ओटा तसाच राहू द्यावा, मधला आणि मागचा खण दिवाळीनंतर उतरवून तिथे स्लॅब टाकावा, आणि खर्चातला मोठा भाग तुझ्या पप्पांनी उचलावा, कारण 2016 नंतरची बाकी त्यांच्याकडे आहे. हे मत माझ्या जागेवरून आहे. मी याच गल्लीत सासरी राहते, आजीला रोज भेटते. माझा कल काकाकडे झुकत असेल तर तेही वहीत लिही.

शेवटची एक गोष्ट. संवत्सरीला आपण दारोदार जाऊन खमतखामणा करतो. वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा, असं म्हणतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. ‘काही चुकलं असेल तर’ यात अपेक्षाच नाही, म्हणून ते कोणालाच लागत नाही आणि कोणाचंच काही फिटत नाही. यंदा तू पारोळ्याला ये आणि पप्पांना घेऊन ये. काकापुढे हात जोडताना त्यांनी नेमकं सांगावं, बाबा गेल्यापासून मी घराकडे बघितलं नाही, त्याची क्षमा. काकानेही म्हणावं, कधीच दिलं नाही असं मी बोललो ते खोटं होतं, त्याची क्षमा. तेवढं झालं की वही उघडू.

येताना आजीसाठी जाड वाती आण, इथल्या लवकर विझतात.

तुझी
आत्या