सभेचे शेवटचे वाक्य

पाड्यावर वनहक्काची सभा संपवताना आपण सहज म्हणतो, "काही शंका असेल तर विचारा." कोणी विचारत नाही. प्रश्न विचारायलाही आधी थोडी माहिती लागते, शिवाय चारचौघांत बोलायचा संकोच असतो.

उपविभागस्तरीय समितीने दावा नामंजूर केला, तर जिल्हास्तरीय समितीकडे अपील करायला ६० दिवस मिळतात. ते गप्प बसण्यात निघून जातात. म्हणून मी शेवटी एवढेच सांगते, "ज्यांना नामंजुरीचे पत्र आले आहे, त्यांनी मंगळवारी सकाळी दहाला ते घेऊन शाळेपाशी यावे. सोबत जमिनीची जुनी माहिती असलेले शेजारचे म्हातारे माणूस आणावे."

पत्रावरून उरलेले दिवस आणि नामंजुरीचे कारण कळते. पुरावा कमी पडला असेल, तर दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. मात्र तो एकटा पुरत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो.

सभा उठण्यापूर्वी एकाला विचारावे, "मंगळवारी काय आणणार?" तो नुसते "कागद" म्हणाला, तर निरोप पोचलेला नाही. पुन्हा सांगावे.