बेरीज जुळली, तरी यादी जुळली का? दोन महिन्यांच्या फाईल अशा ताडून पाहा

भगिनींनो, संगणकावरून दर महिन्याला निघणारी कर्जयादी आपण काय बघून पास करतो? सभासदांची संख्या मागच्या महिन्याएवढी आहे ना, आणि खालची बेरीज जुळते ना. या दोन्ही गोष्टी बरोबर असूनही आतल्या ओळी चुकलेल्या असू शकतात.

चाकण, म्हाळुंगे, कुरुळी भागात भाड्याने राहणाऱ्या ताया बऱ्याच. कंपनी बदलली की खोली बदलते, गटही सुटतो. समजा, जूनच्या यादीत १२६ ओळी होत्या आणि जुलैतही १२६ आहेत. दोघी गेल्या आणि दोघी नव्या आल्या, तरी आकडा तोच राहतो. म्हणून ओळ न्‌ ओळ ताडायची.

तयारी

ही यादी सीएसव्ही फाईल म्हणून मिळते. मूळ फाईल तशीच ठेवा, काम तिच्या प्रतीवर करा. एक्सेलच्या एकाच वहीत दोन पानं करा, नावं द्या `June` आणि `July`. दोन्हीत रकान्यांचा क्रम एकच हवा: A सभासद क्रमांक, B नाव, C या महिन्यात दिलेलं नवं कर्ज, D या महिन्यात फेडलेली मुद्दल, E शिल्लक मुद्दल.

ताडायचं ते सभासद क्रमांकावरून, नावावरून नाही. एकाच गावात एकाच नावाच्या तिघी असतात, आणि कधी ‘ताई’ लावून नाव लिहिलेलं असतं, कधी न लावता.

कोण आलं, कोण गेलं?

`July` पानावर F2 मध्ये हे लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(June!A:A,A2)
```

जिथे 0 येईल ती ओळ नवी. तिच्यासाठी गटाच्या इतिवृत्तात प्रवेशाचा ठराव शोधा. 2 आला तर तो क्रमांक जूनच्या यादीत दोनदा पडलाय.

मग `June` पानावर F2 मध्ये:

```
=COUNTIF(July!A:A,A2)
```

इथे 0 म्हणजे ती ओळ जुलैत नाही. लगेच तिच्या E रकान्यात बघा. शिल्लक शून्य असेल तर ताई कर्ज फेडून गेली. पण तिथे ६,००० दिसत असतील, तर येणं बाकी असताना ओळच यादीतून गेली. बँकेला मात्र ते पैसे सगळ्या गटाला मिळून फेडावे लागतील.

एकच ताई ‘गेलेल्या’त आणि ‘आलेल्या’तही दिसली, तर घाबरू नका. बहुतेक वेळा क्रमांकाच्या शेवटी एक रिकामी जागा पडलेली असते. ती काढली की ओळ जुळते.

गुपचूप बदललेली ओळ

हे खरं अवघड काम, कारण शिल्लक दर महिन्याला बदलायलाच हवी. म्हणून ‘बदलली का’ असं न विचारता ‘हिशेबाने बदलली का’ असं विचारायचं. जुनी शिल्लक, अधिक नवं कर्ज, वजा फेड, म्हणजे नवी शिल्लक. `July` पानावर G2 मध्ये जुनी शिल्लक आणा:

```
=VLOOKUP(A2,June!A:E,5,FALSE)
```

आणि H2 मध्ये फरक काढा:

```
=G2+C2-D2-E2
```

H मध्ये 0 आला की ओळ बरोबर. नव्या सभासदांसमोर `#N/A` येईल, ते साहजिक आहे. जुन्या सभासदासमोर `#VALUE!` आलं, तर एखादी रक्कम आकडा म्हणून न येता मजकूर म्हणून आली आहे.

आता एका गटातल्या तिघींचं उदाहरण घेऊ. तिघींनी जुलैत प्रत्येकी १,००० मुद्दल फेडली, नवं कर्ज कुणीच घेतलं नाही.

- CH-041: जून १२,०००, जुलै ११,०००. फरक 0.
- CH-058: जून ८,०००, जुलै ८,०००. फरक -1000.
- CH-063: जून १५,०००, जुलै १३,०००. फरक 1000.

बेरीज करून बघा. जूनचे ३५,००० वजा ३,०००, म्हणजे ३२,०००. जुलैची बेरीजही ३२,०००च. वरून सगळं ठीक, पण CH-058 चा हप्ता CH-063 च्या कर्जातून वजा झालाय. एकीने पैसे भरूनही तिचं कर्ज तेवढंच राहिलं, दुसरीचं फुकट उतरलं. एक फरक उणे आणि तेवढाच दुसरा अधिक दिसला, की असा अदलाबदलीचा संशय घ्यायचा.

एवढं लक्षात ठेवा

बँक खात्याचा क्रमांक असा ताडायचा असेल, तर फाईल उघडतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या आणि `COUNTIF` ऐवजी `VLOOKUP` ने ताडा, कारण `COUNTIF` टेक्स्टमधला क्रमांकही आकडा म्हणूनच धरतं. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं, पुढचे शून्य करून टाकतं. मग वेगळे क्रमांकही सारखेच दिसतात.

आणि ही ताडणी बदल कुठे झाला ते दाखवते, कुणी आणि का केला ते नाही. H मध्ये फरक दिसला म्हणून कुणावर बोट ठेवू नका. त्या ओळी कागदावर उतरवा, मासिक बैठकीत त्या ताईंचं पासबुक आणि पावती समोर ठेवून बघा. दुरुस्ती ठरली की इतिवृत्तात लिहा, आणि पुढच्या महिन्याच्या फाईलमध्ये ती खरंच झाली का, ते याच रीतीने तपासा.