‘अ‍ॅटिट्यूड सुधारा’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : वार्षिक मूल्यमापनात साहेब म्हणाले, ‘काम चोख आहे, पण अ‍ॅटिट्यूड सुधारा.’ ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, तर ‘हेच ते!’ म्हणाले. आता विचारायचं तरी कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : असा शेरा म्हणजे स्वभावावरचा निकाल नव्हे. दोन-चार प्रसंगांवरून वरिष्ठांनी काढलेला तो निष्कर्ष असतो. प्रसंग मागे पडतात, शेरा उरतो. म्हणून विचारायचा तो प्रसंग. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न तिथल्या तिथे विचारला की जाब विचारल्यासारखा वाटतो. दोन दिवसांनी दहा मिनिटे मागून असे विचारता येते : ‘सर, यावर मला काम करायचंय. अलीकडच्या एखाद्या प्रसंगी मी काय वेगळं करायला हवं होतं?’

उत्तर येऊ शकते : ‘सोमवारी मुदत अलीकडे आणली, तेव्हा तुम्ही लगेच “जमणार नाही” म्हणालात. मग बाकीचेही गप्प बसले.’ यात प्रसंग, वर्तन, परिणाम तिन्ही आहेत. मुदत खरोखरच अशक्य असली, तरी तो खुलासा त्या क्षणी टाळलेला बरा. वाक्य टिपून घ्यावे आणि विचारावे, ‘तेव्हा कसं बोललो असतो तर चाललं असतं?’ बहुधा उत्तर साधे असते : आधी अडचण सांगा, मग किती दिवस लागतील ते.

साहेबांना उदाहरण आठवत नसेल, तर पर्याय पुढे ठेवावेत : मीटिंगमधले बोलणे, की ईमेलची भाषा? ठरले ते दोन ओळींच्या ईमेलने कळवावे. असे शेरे तुमच्या रजेनंतर किंवा तक्रारीनंतरच सुरू झाले असतील, तर तारखांची नोंद ठेवून एचआरशी बोलणे योग्य.